शेजारी अनोळखी व्यक्ती आणि समोर दोन तासांचे जेवण

नमस्कार. आज आपण एकाच प्रसंगाविषयी बोलणार आहोत. जेवण लांबणारे आहे, कोणी कोठे बसायचे हे यजमानांनी आधीच ठरवले आहे, आणि आपल्या शेजारी कधीही न पाहिलेली व्यक्ती बसली आहे. उभ्याने चालणाऱ्या समारंभात बोलणे आटले, तर पाणी आणण्याच्या निमित्ताने बाजूला होता येते. येथे मात्र जेवण उरकेपर्यंत उठता येत नाही.

अशा वेळी अनेकांचे बोलणे पहिल्या दहा मिनिटांतच संपते, आणि माझ्या मते त्याचे कारण विषयांची टंचाई नसून उधळपट्टी हे असते. नाव, काम, राहण्याचे ठिकाण, मुले, प्रवास असे पाच प्रश्न ओळीने विचारले की पाच तोकडी उत्तरे मिळतात, आणि मग हातात काहीच उरत नाही. एका जेवणात मी हेच केले होते. पहिले वाढप होण्याआधीच माझे प्रश्न संपले, आणि शेजारचे गृहस्थ उरलेला वेळ दुसऱ्या बाजूच्या पाहुण्यांशी बोलत राहिले.

म्हणून पुढचा प्रश्न नव्या विषयावर न विचारता मिळालेल्या उत्तरातूनच काढावा. २०१७ साली हार्वर्डमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की जास्त प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात, आणि त्यातही उत्तराचा धागा पकडून विचारलेल्या प्रश्नांचा वाटा मोठा असतो. कारण उघड आहे: असा प्रश्न ऐकल्याशिवाय सुचतच नाही.

एक उदाहरण सविस्तर पाहू. मागे एकदा माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी सांगितले, "मी लिफ्टची तपासणी करते." येथे "अरे वा, आणि राहता कोठे?" असे विचारले असते, तर हाती आलेला विषय वाया गेला असता. मी विचारले, "तपासायला गेलात की सगळ्यात आधी काय पाहता?" त्यांनी चमचा खाली ठेवला आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये थोडे अंतर धरून लिफ्टच्या दोराची जाडी दाखवली. दोर झिजला की बारीक होतो, म्हणून तो मोजावा लागतो, आणि तुटलेल्या तारांकडेही लक्ष ठेवावे लागते, असे त्या म्हणाल्या. मग मी विचारले, "लिफ्ट बंद ठेवा, असे सांगावे लागते तेव्हा लोक काय म्हणतात?" आता विषय यंत्रावरून माणसांवर आला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा राग, जिने चढू न शकणारे वृद्ध, आणि तरीही लिफ्ट बंद ठेवायला सांगताना होणारी घालमेल, या सगळ्यावर त्या बराच वेळ मनापासून बोलल्या. कामाचे नाव विचारून थांबलो असतो, तर यातले काहीच कळले नसते.

परंतु केवळ विचारतच राहिलो, तर त्याची उलटतपासणी होते. उत्तरे आखूड होऊ लागली आणि समोरून एकही प्रश्न येईना, की आपली पाळी आली असे समजावे. मी त्या बाईंना लहानपणी लिफ्टमध्ये अडकल्याची आठवण तीन-चार वाक्यांत सांगितली आणि शेवटी विचारले, "अशा वेळी आत असलेल्याने नेमके काय करावे?" त्यामुळे माझी गोष्टही झाली आणि बोलण्याची सूत्रे पुन्हा त्यांच्याकडे गेली.

जेवताना प्रश्न केव्हा विचारतो, यालाही महत्त्व आहे. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांच्या २००९ सालच्या एका अभ्यासात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास आढळले, त्यामुळे एरवी एक-दोन सेकंदांची शांतताही जाणवते. जेवणात मात्र घास चावणे, पाणी पिणे, वाढून घेणे यांमुळे ती आपोआप झाकली जाते, म्हणून ती भरून काढण्याची घाई करू नये. शेजाऱ्याने घास उचलला असेल, तर प्रश्न रोखून धरावा, नाहीतर तो घास घाईने गिळून उत्तर देतो आणि अवघडतो.

लांब शांततेनंतर नवा विषय शोधत बसण्यापेक्षा मागे अर्धवट राहिलेली गोष्ट उचलावी. "मघाशी तुम्ही एका जुन्या इमारतीचे म्हणालात, तिथे पुढे काय झाले?" या एका वाक्याने त्या बाईंशी दुसरा तास सहज सुरू झाला.

ही रीत सर्वांवर चालत नाही. दोनदा एकशब्दी उत्तर मिळाले आणि नजर ताटावरच राहिली, तर ती व्यक्ती थकलेली असेल किंवा तिला बोलायचे नसेल. तिला निवांत जेवू द्यावे, पुढचे वाढप झाल्यावर एकदाच काही साधे विचारून पाहावे, आणि तरीही प्रतिसाद आला नाही, तर दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे वळावे.