36+24: बॅटरीच्या बिलावर तुम्हाला नक्की काय मिळालंय?

नमस्कार मंडळी!

(बिल कॅमेऱ्यासमोर धरून)

हे इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बिल. इथलंच, इंदूरचं, महाराणी रोडवरच्या दुकानातलं. दुकानाचं नाव मी अंगठ्याखाली झाकलंय, कारण आपलं त्यांच्याशी भांडण नाही. खाली छापील ओळी बघा: 'बिका हुआ माल वापस नहीं होगा.' 'वारंटी कंपनी की शर्तों के अनुसार.' 'न्याय क्षेत्र इंदौर.' आणि बॅटरीच्या नावापुढे पेनानं लिहिलंय, 36+24.

दुकानदार माल देताना म्हणतो, "पाँच साल की गारंटी है, भाईसाब." घरी येऊन आपणही तेच सांगतो, पाच वर्षं काळजी नाही. पण ही पाच वर्षं सारखी नाहीत. पहिले 36 महिने एक गोष्ट मिळते, पुढचे 24 महिने अगदी वेगळी. आज मुख्य बोलायचंय ते या अधिकच्या चिन्हाबद्दल.

त्याआधी गॅरंटी आणि वॉरंटी. बाजारातला समज असा की गॅरंटी म्हणजे बदलून देणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार. बोलायला सोयीचं आहे, पण वस्तूंच्या बाबतीत कायद्यानं अशी वाटणी केलेली नाही. 1872च्या करार कायद्यात गॅरंटी आहे, पण ती दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याची. म्हणून शीर्षक वाचू नका, त्याखालचं वाक्य वाचा. तिथे 'रिप्लेसमेंट' लिहिलंय की 'रिपेअर', ते बघा. मोठ्या अक्षरात गॅरंटी छापून खाली 'रिपेअर ओन्ली' असेल, तर तुम्हाला दुरुस्तीच मिळणार.

आता 36+24. पहिल्या 36 महिन्यांत बॅटरी गेली आणि दोष बनावटीचा निघाला, तर फुकट बदलून मिळते. पण बदलून आलेल्या बॅटरीची वॉरंटी साधारणपणे पहिल्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात. म्हणजे तिसाव्या महिन्यात नवी बॅटरी मिळाली, तर फुकट बदलण्याचे तिचे सहाच महिने उरले. घड्याळ पुन्हा शून्यावर जात नाही.

पुढच्या 24 महिन्यांना 'प्रो-राटा' म्हणतात. यात फुकट काहीच नाही. जुनी बॅटरी जमा करायची आणि नवीवर ठरावीक टक्के सूट घ्यायची. किती टक्के, ते वॉरंटी कार्डावर महिन्यांनुसार छापलेलं असतं. गंमत अशी की ही सूट एमआरपीवर मिळते, आणि एमआरपीनं बॅटरी विकत घेतो कोण?

हिशेबच करू या. आकडे समजण्यापुरते आहेत. 44व्या महिन्यात बॅटरी बसली. नव्या बॅटरीची एमआरपी 18,000, कार्डावर सूट 25 टक्के, म्हणजे तुम्ही द्यायचे 13,500. आता बाजारात जा. तीच बॅटरी 15,000ला मिळते, आणि जुनी दिली की दुकानदार शिशाच्या भंगाराचे 2,500 वजा करतो. राहिले 12,500. म्हणजे वॉरंटी वापरली तर हजार रुपये जास्त गेले! कारण वॉरंटीत जुनी बॅटरी कंपनीकडे जमा होते, तिचे भंगाराचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. दर वेळी असं होईलच असं नाही, पण प्रो-राटाच्या काळात दोन्ही भाव विचारल्याशिवाय जुनी बॅटरी हातची सोडू नका. नव्या बॅटरीवर वॉरंटी किती मिळणार, हेही दोन्हीकडे विचारा.

इथेच 'एक्सचेंज'चा घोळही कळतो. बॅटरीवाल्याकडे एक्सचेंज म्हणजे जुनं देऊन नव्यावर पैसे कमी करणं. कपड्याच्या दुकानात एक्सचेंज म्हणजे मापाचा शर्ट बदलून देणं. चांगला माल, फक्त रंग आवडला नाही म्हणून बदलून मागायचा हक्क कायदा देत नाही. ती दुकानदाराची कबुली. बिलावर '7 दिन में बदलेगा' असेल तर ती पाळावी लागते, नसेल तर त्याची मर्जी.

बरं, बॅटरी पहिल्या तीन वर्षांतच बिघडली, तर काय होतं? कंपनीचा माणूस ती पूर्ण चार्ज करायला लावतो आणि मग हायड्रोमीटर, म्हणजे काचेची नळी, सहाही झाकणं उघडून एकेका सेलमध्ये बुडवतो. तेव्हा शेजारी उभे राहा आणि सहा आकडे कागदावर लिहून घ्या. पाच सेल सारखे आणि एकच बराच खाली, तर तो सेल मेलाय, तुमचा दावा भक्कम. सहाही सारखेच खाली असतील, तर चार्जिंगच पुरेसं झालेलं नसेल. चूक इन्व्हर्टरची असू शकते आणि दावा फेटाळला जाऊ शकतो. पाणी आटून प्लेटा उघड्या पडल्या असतील, किंवा कुणी डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं पाणी किंवा ॲसिड ओतलं असेल, तरी वॉरंटी जाते. आपल्याकडे मे महिन्यात पाणी भराभर आटतं, तेव्हा पातळीची दांडी बघत राहा.

आणखी एक. बॅटरीवर कोरलेला सिरियल नंबर बिलावर आणि कार्डावर आहे ना, दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना, हे काउंटरवरच बघा. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर विक्रीची तारीख सिद्ध होत नाही, आणि मग पुष्कळदा बनवल्याच्या तारखेपासून मोजतात. गोदामात चार महिने पडून असेल, तर ते चार महिने तुमच्या खात्यातून गेले.

(बिलाच्या पहिल्या छापील ओळीवर बोट ठेवून)

आता 'वापस नहीं होगा'. बॅटरी चौथ्याच दिवशी चार्ज घेईना, तर ही ओळ दाखवून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष माल परत घ्यायला आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. शब्द लक्षात घ्या: सदोष. मन बदललं म्हणून नाही. दुकानदार 'क्रेडिट नोट ले लो' म्हणाला, तर ती घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. रिफंड म्हणजे रोख किंवा खात्यात पैसे.

आणि 'न्याय क्षेत्र इंदौर'? देवासचा भाचा इथून बॅटरी घेऊन गेला असेल, तर तो देवासच्या जिल्हा आयोगातही तक्रार करू शकतो. ग्राहक राहतो तिथे तक्रार करायची सोय याच कायद्यात आहे. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळदा कंपनी तिथेच हलते. तक्रारीत दुकान आणि कंपनी दोघांचीही नावं घाला. नाहीतर दुकानवाला म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते डीलरकडे जा, आणि बॅटरी तुमच्या स्कूटरच्या पायाशी.

तुमच्या कार्डावर प्रो-राटाचे किती टक्के छापलेत, ते खाली लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त महिना आणि टक्के.