हतनूरचा पूर कुणाच्या कॅमेऱ्यातला?

(हतनूर धरण. उघडे दरवाजे, फेसाळतं पाणी.)

तापीवरचं हे हतनूर धरण. ४१ दरवाजे. जोराचा पाऊस झाला की ते उघडतात आणि पाणी असं कोसळतं.

हा बारा सेकंदांचा शॉट आमचा नाही. रावेर-यावलच्या केळीवरची फिल्म आम्ही उन्हाळ्यात शूट केली, पूर मिळाला नाही. तो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या संग्रहात मिळाला, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या CC BY-SA 4.0 या परवान्याखाली.

(भुसावळ. एडिटिंगची खोली. स्क्रीनवर क्लिपचं पान.)

क्लिप उतरवण्याआधी आमची संकलक त्या पानावरून चार गोष्टी लिहून घेते: चित्रण करणाऱ्याचं नाव, क्लिपचं शीर्षक, पानाचा दुवा, आणि परवाना आवृत्तीसकट. मग त्याच माणसाच्या बाकीच्या क्लिपा उघडते. त्याच भागातलं, त्याच कॅमेऱ्याचं चित्रण दिसलं की खात्री वाटते. कोपऱ्यात एखाद्या वाहिनीचा लोगो पुसल्यासारखा दिसला, तर ती क्लिप सोडून द्यायची. दुसऱ्याचं चित्रण खुलं करण्याचा हक्क अपलोड करणाऱ्याला नसतो.

(टाइमलाइन. संगीताचा पट्टा.)

BY म्हणजे श्रेय द्या. SA म्हणजे पुढेही त्याच अटींवर द्या, आणि ते मात्र पूर्ण फिल्मवर येतं. शॉट कापला, रंग बदलले, आपलं निवेदन आणि संगीत चढवलं, की त्यातून नवी कृती तयार होते; ती प्रसिद्ध करताना तिलाही BY-SA द्यावा लागतो. इथेच पुराच्या दृश्यावर लावलेली बासरी अडली. तो ट्रॅक CC BY-NC होता, म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई. BY-SA फिल्म तर पुढे कुणीही विकू शकतो. दोन्ही अटी एका फिल्मवर बसेनात. बासरी काढली. पुराच्या दृश्यावर पाण्याचाच आवाज राहिला.

(शेवटची पाटी.)

आपल्याकडे ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहून मोकळं होतात. पण पावसात धरणापाशी एक माणूस कॅमेरा घेऊन उभा राहिला, म्हणून हा शॉट आहे. त्याचं नाव पडद्यावर यायलाच हवं. आमच्या पाटीवर ते आधी येतं, मग क्लिपचं शीर्षक, विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, आणि शेवटी ‘कापले, रंग बदलले’. हे शेवटचे शब्द बरेच जण गाळतात. बदल केले हे सांगणं ही परवान्याचीच अट आहे. पाटी वाचून होईपर्यंत थांबते. क्लिपचा आणि परवान्याचा दुवा वर्णनात जातो.

यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा एकच पर्याय मिळतो, CC BY. तो निवडला तर SA गळून पडतं. म्हणून तो पर्याय आम्ही निवडला नाही, BY-SA 4.0 पाटीवर आणि वर्णनात लिहिलं.

अट मोडली तर परवाना आपोआप संपतो; चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर 4.0 मध्ये तो पुन्हा लागू होतो.

(रावेर. केळीचे घड ट्रकमध्ये चढताना.)

रावेरच्या बागांचे हे शॉट आमचे. तेही आता फिल्मसोबत BY-SA 4.0 खाली आहेत. कुणीही घ्यावेत, कापावेत. आमच्या कॅमेरामनचं नाव असंच पाटीवर लिहावं.