जर्मनीहून आलेलं पत्र

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची कमी नाही आणि जर्मनीत नोकरी करणाऱ्या पुणेकरांचीही नाही. त्यामुळे माझ्यासारख्या भाषांतरकाराकडे लग्नाचे दाखले येतात, मार्कशीटा येतात आणि अलीकडे नोकरी संपल्याची पत्रंही येतात. (जाता जाता सांगतो, मूळ कागद लॅमिनेट करू नका हो. कुठल्या दुकानदारानं ही सवय लावली कोण जाणे, पण लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर शिक्का कुठे मारायचा?)

तर आज अशाच एका पत्राची गोष्ट. ऑगस्ट 2025. कोथरूडचे एक काका माझ्याकडे आले, सोबत मुलगा. मुलगा जर्मनीत एका मोठ्या कारखान्यात इंजिनिअर, 1 एप्रिल 2019 पासून. गणपतीसाठी सुट्टी काढून घरी आला होता. इकडे मोदकांची तयारी चाललेली आणि तिकडे त्याच्या फ्लॅटच्या पत्रपेटीत कंपनीचं पत्र पडलं, गुरुवारी, 14 ऑगस्टला. शेजाऱ्यानं उघडून फोटो पाठवला. काकांच्या भाच्यानं, म्हणजे नुकत्याच जर्मनच्या दोन परीक्षा पास झालेल्या पोरानं, त्याचं मराठी करून दिलं.

ते मराठी काकांनी माझ्यासमोर ठेवलं. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, 30 सप्टेंबरला नोकरी संपेल. दोन, तुम्हाला तात्काळ कामावरून मुक्त करण्यात येत आहे. तीन, तक्रार केली नाही तर 12,600 युरो ग्रॅच्युइटी मिळेल.

काका म्हणाले, "म्हणजे उद्यापासून पगार बंद. आणि ग्रॅच्युइटी तर हक्काची असते, ती अशी अट घालून कशी देतात?"

म्हटलं, काका, आधी चहा घ्या. मग मूळ पत्राचा फोटो मागितला. पहिल्या फोटोत खालच्या दोन ओळी कापल्या गेल्या होत्या. लोक कागदाचा फोटो काढताना खालचं टोक हमखास सोडतात. शेजाऱ्याकडून दुसरा मागवला.

तात्काळ मुक्त, हे पहिलं कोडं. जर्मन शब्द होता फ्राइश्टेलुंग. याचा अर्थ एवढाच की उद्यापासून कामावर येऊ नका. पण नोटीस संपेपर्यंत पगार चालू राहतो. पुन्हा सांगतो, काम बंद, पगार चालू. फक्त उरलेली सुट्टी त्याच दिवसांत वळती करून घेतात, आणि तसं पत्रात लिहिलेलंही होतं. काकांनी सुटकेचा श्वास सोडला, मुलगा मात्र अजून गप्पच होता.

दुसरं कोडं तारखेचं. भाच्यानं लिहिलं होतं 30 सप्टेंबर. मूळ पत्रात त्यापुढे स्वल्पविराम होता आणि चार-पाच शब्द होते: "ते लागू होत नसेल तर, पुढच्या शक्य तारखेला." वकिली पाल्हाळ समजून भाच्यानं ते गाळले होते. सगळी मेख त्याच शब्दांत होती.

जर्मन कायद्यात मालकानं नोटीस द्यायची तर नोकरी जितकी जुनी तितकी मुदत लांब. दोन वर्षं झाली की एक महिना, पाच वर्षं झाली की दोन महिने, आठ वर्षं झाली की तीन महिने, आणि प्रत्येक वेळी महिनाअखेरीस संपणारी. मुलाची सहा वर्षं भरलेली. म्हणजे दोन महिने. पत्र 14 ऑगस्टला पेटीत पडलं, दोन महिने धरले की 14 ऑक्टोबर, आणि महिनाअखेर म्हणजे 31 ऑक्टोबर. कंपनीच्या माणसानं चुकून एक महिन्याचा हिशोब लावला होता. करारातही वेगळी मुदत नव्हती, ते मुलानं तपासलं.

आता मुलगा पहिल्यांदा बोलला. "म्हणजे एक पगार जास्त?"

एक पगार म्हणजे 4,200 युरो. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. तिसरं कोडं उरलं होतं, त्या 12,600 युरोंचं.

याला ग्रॅच्युइटी म्हणू नका. आपल्याकडे ग्रॅच्युइटी ठरावीक वर्षं भरली की हक्कानं मिळते. जर्मनीत नोकरी गेली म्हणून आपोआप पैसे मिळत नाहीत. इथे कंपनीनं एक सौदा समोर ठेवला होता. कामाच्या कारणानं कपात करताना कंपनी पत्रातच लिहू शकते की तुम्ही तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावला नाहीत, तर दर वर्षामागे अर्धा पगार देऊ. "तक्रार" हा शब्द भाच्यानं घातलेला. कंपनीच्या साहेबाला रागानं मेल लिहिली तर ती तक्रार होईल, दावा होणार नाही. दावा म्हणजे न्यायालयातला दावा.

आणि वर्षं मोजताना सहा महिन्यांहून जास्त उरलं तर पूर्ण वर्ष धरतात. जास्त, हं. नेमके सहा महिने भरले तर नाही. 30 सप्टेंबरपर्यंत मुलाची नोकरी होते बरोबर सहा वर्षं सहा महिने, म्हणून कंपनीनं सहा वर्षं धरून तीन पगार लावले, 12,600. पण 31 ऑक्टोबरपर्यंत धरलं की सहा वर्षं सात महिने. म्हणजे सात वर्षं. म्हणजे साडेतीन पगार, 14,700. पगाराचे 4,200 आणि इथले 2,100 मिळून फरक 6,300 युरोंचा, आणि तो गाळलेल्या शब्दांत दडलेला!

काकांनी भाच्याला फोन लावायला घेतला, मी म्हटलं राहू द्या. पोरगं हौसेनं शिकतंय. खरं तर क्लासवाल्यांना विचारायला हवं, कॉफी मागायला महिनाभर शिकवता, मग एखादं सरकारी पत्र का वाचून घेत नाही?

हे तीन आठवडे कधीपासून धरायचे? पत्र पेटीत पडलं त्या दिवसापासून. तुम्ही पुण्यात आरती करत होतात, म्हणून ही मोजणी पुढे सरकत नाही. 14 ऑगस्टपासून तीन आठवडे म्हणजे 4 सप्टेंबर. तो दिवस गेला की नोटीस चुकीच्या कारणानं दिली असली तरी दावा बहुतेक वेळा बुडतो. म्हणून परदेशी असलेल्या घरच्यांनी पत्राच्या पाकिटावर पहिल्यांदा तारीख लिहावी. आणि नुसती मेल किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला असेल, तर तिथल्या कायद्यानं ती नोटीसच नव्हे. कागद हवा आणि त्यावर हातानं केलेली सही हवी.

मुलानं तिथल्या कामगार कायद्याच्या वकिलाशी व्हिडिओवर बोलून घेतलं. दावा लावायचा तर पहिल्या पायरीवर जिंकलात तरी आपल्या वकिलाची फी आपणच भरायची असते, हेही त्याला तिथेच कळलं. कपातीचं कारण खरं होतं, कामगार समितीला विचारून झालं होतं. त्यानं सौदा घ्यायचं ठरवलं, पण 4 सप्टेंबरच्या आधी कंपनीकडून 31 ऑक्टोबर आणि 14,700 हे दोन्ही आकडे लेखी घेतले. पत्रात ते "पुढच्या शक्य तारखेला" होतं म्हणून कंपनीला नाही म्हणता आलं नाही.

बेकारीच्या कार्यालयात मात्र त्यानं पत्र कळल्यावर लगेचच ऑनलाइन नाव नोंदवलं होतं. नोकरी संपायला इतके कमी दिवस उरले असतील तर पत्र कळल्यापासून तीन दिवसांत नोंदवायचं असतं, उशीर झाला तर एक आठवड्याचा भत्ता जातो.

काकांचा शेवटचा प्रश्न टॅक्सचा. 14,700 वर सामाजिक विम्याची वर्गणी कापत नाहीत, आयकर मात्र लागतो. अशा एकरकमी पैशाला कराची थोडी सवलत असते, पण 2025 पासून कंपनी ती पगाराच्या वेळी देत नाही, पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात स्वतः मागावी लागते. मुलानं ते फोनमध्ये टिपून घेतलं, काकांनी मला पुन्हा विचारून कागदावर.