वरच्या मजल्यावरचे लोक लगेच खाली का उतरत नाहीत?

नमस्कार. उंच इमारतीत आग लागली की सगळ्यांनी ताबडतोब जिन्याने खाली उतरावे, असे आपल्याला स्वाभाविकपणे वाटते. हा समज कधी जिवावर बेततो, ते शिकागोतील एका आगीवरून पाहू.

17 ऑक्टोबर 2003 रोजी कुक काउंटीच्या 35 मजली कार्यालयीन इमारतीत 12व्या मजल्यावर आग लागली आणि संपूर्ण इमारत रिकामी करण्याची घोषणा झाली. वरच्या मजल्यांवरचे लोक तेव्हा धोक्यात नव्हते, तरी तेही जिन्यात उतरले. त्याच वेळी अग्निशमन दलाने आगीवर पाणी मारण्यासाठी 12व्या मजल्याचे जिन्याकडील दार उघडले. होजपाइप आत गेल्यावर असे दार बंद होत नाही. मग गरम धूर जिन्यात शिरतो आणि जिना धुराड्यासारखा वर ओढू लागतो. लोकांना परत वर जाण्यास सांगण्यात आले, पण जिन्यातून मजल्यांवर जाणारी दारे कुलूपबंद होती, ती जिन्याच्या बाजूने उघडत नव्हती. जिन्यात अडकलेली सहा माणसे धुराने मृत्युमुखी पडली.

म्हणूनच टप्प्याटप्प्याने स्थलांतर केले जाते. प्रथम आग लागलेला मजला आणि त्याच्या लगेच वरचा मजला रिकामा होतो, त्यानंतर साधारण दोन-दोन मजले. बाकीचे लोक सूचनेची वाट पाहत थांबतात, त्यामुळे जिना अग्निशामकांसाठी आणि खरोखर धोक्यात असलेल्यांसाठी मोकळा राहतो.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतला रिफ्यूज एरियाचा, म्हणजे आगीच्या वेळी तात्पुरते थांबायच्या सुरक्षित जागेचा, नियमही याच विचारावर उभा आहे. 2016च्या संहितेनुसार ही जागा लागोपाठच्या दोन मजल्यांवरील लोकांना पुरेल एवढी, माणशी किमान 0.3 चौरस मीटर, आणि बाहेरच्या भिंतीलगत असावी लागते. माणशी एवढ्या जागेत फक्त उभे राहता येते, म्हणजे संपूर्ण इमारतीने तिथे जमावे हे अपेक्षितच नाही. या जागेत जुने फर्निचर रचले किंवा ती बंदिस्त करून खोली केली, तर तिचा उपयोगच संपतो. आपल्या इमारतीतली ती जागा आजच जाऊन पाहा, आणि जिन्यात उभे राहून मजल्यावर जाणारे दार उघडता येते का, तेही तपासा.

मात्र थांबण्याचा सल्ला भिंती, दारे आणि दर्शनी आवरण आगीला अडवतील, या गृहीतावर टिकतो. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून आग वर चढली, तरीही घरातच थांबण्याचा सल्ला जवळपास दोन तास कायम राहिला. त्या आगीत 72 जणांचा मृत्यू झाला. आग बाहेरून वर चढताना दिसली किंवा धूर आपल्याच मजल्यावर आला, तर घोषणेची वाट पाहू नये. जो जिना धूरमुक्त असेल त्याने खाली उतरावे, आणि उतरताना प्रत्येक दार मागे ओढून बंद करावे.