पातेलं बाजेवर नको

परभणी जिल्ह्यातलं हे शेतातलं घर. ज्वारी पोटऱ्यात आलीय, पहाटे थंडी मी म्हणतेय, आणि घरातल्या आजींना परवापासून सर्दी-खोकला आहे. वय बहात्तर, त्यात बीपीची गोळी चालू.

वाफ घ्यायला चुलीवर पाणी उकळलंय. आता सूनबाईंचे हात बघा. पातेलं उतरवायच्या आधी त्यांनी आजींना खुर्चीवर बसवलं. समोरचा स्टूल भिंतीला भिडवला आणि त्यावर ओला फडका अंथरला, म्हणजे बूड सरकत नाही. पाणी खदखदायचं थांबलं, तेव्हा कुठे पातेलं स्टुलावर आलं. आपल्याकडे ते सर्रास बाजेवर नाहीतर मांडीवर घेतात. बाज दबते, पातेलं कलंडतं, आणि म्हातारपणाची पातळ कातडी लगेच भाजते. भाजलंच, तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं.

डोक्यावर गोधडी नाही, पातळ पंचा. तोंड पातेल्यापासून हातभर लांब, डोळे मिटलेले. पाच-दहा मिनिटं पुरे. पाण्यात बाम नाही, कापूर नाही.

या वाफेनं सर्दीचे दिवस कमी होत नाहीत. नाक मोकळं होतं, चार घास जातात, झोप लागते. तिचं काम एवढंच. दुकानातली सर्दीची गोळी मात्र आजींना कोणी परस्पर देत नाही. तिच्यातल्या काही औषधांनी बीपी चढतो.

“आत्याबाई, घोटभर घ्या.”
“आत्ता तर पेले की!”

उतारवयात तहान मंदावते, म्हणून उशाशी तांब्या भरून ठेवून भागत नाही. इथं तासा-दोन तासाला अर्धा पेला हातात दिला जातो: कोमट पाणी, पातळ वरण, कण्यांची पेज. लघवी गडद पिवळी किंवा कमी झाली, तर पाणी कमी पडतंय. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं.

आणि हे नातवाचं काम. आजी निवांत पडल्यात, तो घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीचं वर-खाली होणं मोजतोय. काल वीस होते. आज, तिसऱ्या दिवशी, अठ्ठावीस. अंगाला हात लावला तर ताप नाही. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियातही कधीकधी ताप येत नाही, तिथंच घरचे फसतात. “आज वार कोणता?” विचारलं, तर बाजाराचा दिवस कधी न चुकणाऱ्या आजी नुसत्या बघत राहिल्या.

१०८ ला फोन, ग्रामीण रुग्णालय, न्यूमोनिया, आठवडाभर उपचार, आजी घरी.

श्वास मिनिटाला चोवीसच्या वर, नवा गोंधळ, खाणं-पिणं बंद, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ निळसर: यातलं एक जरी दिसलं, तरी रात्र काढायची नाही. आणि खोकला दोन आठवडे हटला नाही, तर थुंकीची तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.