"पगार वाढवा" म्हणणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

(दृश्य: पहाट. खानापूर-बेळगाव रस्त्यावर पावसाची भुरभुर. दुचाकीवर रेनकोट घातलेले दोघे. पुढे उद्यमबागच्या शेडमधले दिवे.)

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे परिसरात अशा लहान मशीनशॉपची ओळच आहे. फाउंड्रीतून ओतीव भाग येतात, इथं त्यांचं टर्निंग, ड्रिलिंग होतं आणि तयार माल पंप-व्हॉल्व्हच्या जोडणीला जातो. कामाला येणारे बरेचजण खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या गावांतले. अनेकांच्या घरात मराठी, शेडमध्ये मराठी-कन्नड मिसळून, आणि कागदांवर इंग्रजी.

कामातून मन उडालेल्या माणसाला नेमकं काय हवंय ते कसं ओळखायचं, यासाठी या निवेदनात आपण एकच प्रसंग शेवटपर्यंत पाहणार आहोत. माणूस काल्पनिक आहे, पण त्याच्यासारखा एखादा बहुतेक शेडमध्ये सापडतो. सीएनसी लेथवरचा ऑपरेटर, वय 31, सहा वर्षांचा अनुभव. पूर्वी शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला मशीनची खोड समजावून सांगायचा. आता तीन वाजले की हात पुसतो आणि निघतो. तपासणीच्या तक्त्यात दर तासाला माप लिहायचं असतं. हा आठही मापं शिफ्ट संपताना एकदम लिहितो, एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात.

सुपरवायझरनं दोन उपाय करून पाहिले. आधी हजेरी बोनस दिला, मग जादा शिफ्ट देऊ केल्या. बोनस त्यानं घेतला, जादा शिफ्टना नकार दिला आणि तक्ता तसाच राहिला. पैशानं हलत नाही म्हणजे माणूस आळशी, असा निष्कर्ष इथं फार पटकन निघतो. उपाय चुकला होता, कारण प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

(दृश्य: हातातली वही. एका पानावर तारखा.)

बोलण्याआधी अर्ध्या तासाचं काम कागदावर करायचं असतं. नेमकं काय बदललं आणि कधीपासून, एवढंच लिहायचं. "इंटरेस्ट नाही", "डोकं नाही कामात" हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. ते आपलं मत झालं. "तक्ता वेळेवर भरलेला शेवटचा आठवडा कोणता?" हे लिहायचं, कारण ते जुन्या तक्त्यांतून शोधता येतं.

या भागात आणखी एक खबरदारी लागते. जुलैत खानापूर भागात रोप लावण असते. त्या पंधरवड्यातल्या खाड्यांवरून कुणाचं मन उडालंय असं ठरवू नका. घरात आजारपण आहे का, नजर किंवा पाठ त्रास देतेय का, हेही आधी पाहायचं. दिसत नसल्यामुळे माप चुकवणारा माणूस आणि मन नसल्यामुळे चुकवणारा माणूस, दोघांचे तक्ते सारखेच दिसतात.

आपल्या प्रसंगात वही एक गोष्ट स्पष्ट सांगते. फेब्रुवारीअखेरपर्यंत तक्ता दर तासाला भरलेला आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून नाही. म्हणजे हा माणूस हळूहळू विझला नाही. एका तारखेला काहीतरी घडलं. ते काय, हे वही सांगू शकत नाही.

(दृश्य: शेडमागची चहाची टपरी. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या.)

आता बोलणं. जागा केबिन नको, कारण केबिनमध्ये बोलावलं की मेमो मिळणार असंच वाटतं. मशीनजवळही नको, तिथं कान असतात. वेळ साधारण चाळीस मिनिटं आणि तीही कामाच्या वेळेतली. शिफ्ट सुटल्यावर थांबवलं तर त्याचं सगळं लक्ष गावाच्या बसकडे राहतं. मूल्यमापनाचा इंग्रजी फॉर्म सोबत न्यायचा नाही. मशीन अडल्यावर तो ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत विचारायचं.

सुरुवात सरळ करायची. "मार्चपासून तक्ता एकदम भरला जातोय. कारवाईसाठी बसलेलो नाही. तुला या कामातून काय हवंय ते समजून घ्यायचंय." हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं नाही, तर पुढची सगळी उत्तरं बचावाची येतात.

पहिलं उत्तर बहुधा असं असतं: "काय नाही सर. पगार वाढवा बघा."

इथं बरेच सुपरवायझर चुकतात. काहीजण लगेच आकड्यावर येतात, काहीजण "ते माझ्या हातात नाही" म्हणून विषय संपवतात. पगार हे खोटं उत्तर नसतं. पण ते सगळ्यात सोपं, कुणापुढेही मांडता येणारं उत्तर असतं. त्याच्यामागे काय आहे ते एकाच प्रश्नानं उघडतं: "पगार वाढला तर तुझं काय बदलेल?"

एखादा सांगेल, कर्जाचा हप्ता सुटेल. मग विषय खरोखर पैशाचाच आहे आणि तसाच हाताळायचा. आपला ऑपरेटर थोडा थांबून म्हणतो, "मोजतात मला, असं तरी वाटेल की."

आता "म्हणजे काय?" असं खोदायचं नाही, आणि "का" तर अजिबात नाही. "का" विचारलं की माणूस कारणं द्यायला लागतो. त्याऐवजी एक दिवस मागायचा. "गेल्या वर्षभरात कामावरून खूश होऊन घरी गेलास असा एखादा दिवस सांग."

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं अशाच प्रश्नावर आपला अभ्यास उभा केला होता. पिट्सबर्ग परिसरातल्या 203 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कामावर फार बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं असे प्रसंग सांगायला लावले. 1959 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चांगल्या प्रसंगांत काम तडीस नेणं, त्याची दखल, जबाबदारी हे पुन्हा पुन्हा आलं. वाईट प्रसंगांत कंपनीचे नियम, देखरेख, पगार. या पद्धतीवर एक रास्त आक्षेप घेतला गेला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झालं की दोष परिस्थितीला देतो. म्हणून सांगितलेला प्रसंग आपल्या वहीशी ताडून पाहायचा.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे. ही शांतता विचारणाऱ्यालाच जड जाते आणि तो स्वतःच, मशीन जुळवून देणाऱ्या सेटरच्या जागेचं, उत्तर सुचवून टाकतो: "सेटर व्हायचंय का तुला?" समोरचा "हो" म्हणतो, आणि आता आपल्याला फक्त आपलाच अंदाज परत मिळालेला असतो.

आपल्या प्रसंगात सुपरवायझर गप्प राहतो. मग उत्तर येतं. "फेब्रुवारीत सेटर रजेवर होता. जॉबला टेपर येत होता. सॉफ्ट जॉ घासलेत ते मी शोधलो. परत बोअर करून घेतलो, लॉट वाचला. कोण काय बोललं नाही, पण घरात सांगितलो मी त्या दिवशी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर नियम आला की. ऑफसेटला हात लावायचा नाही. दोन शतांशाची करेक्शन असली तरी सेटरला बोलवायचं. तो येईपर्यंत वीस मिनिटं मशीनकडे बघत बसायलोय. मग माप लिहून काय करू?"

(दृश्य: कंट्रोल पॅनलचा क्लोजअप. ऑफसेटच्या पानावर कुलूप.)

वहीतली तारीख जुळली. मार्चच्या सुरुवातीला ग्राहकाकडून एक लॉट परत आला होता. त्यानंतर ऑफसेटचे, म्हणजे माप सुधारायला मशीनला द्यायच्या फरकाच्या आकड्यांचे, सगळे अधिकार सेटरकडे गेले. नियम ज्या चुकीसाठी आला ती दुसऱ्या मशीनवरची होती, पण कुलूप सगळ्यांना लागलं. आपलं माप पाहून आपणच मशीन सुधारायचं, हेच या माणसाला कामातून हवं होतं. तेच काढून घेतलं गेलं आणि तक्ता भरण्याचं ओझं मागे राहिलं.

यावर लगेच काही कबूल करायचं नाही. आधी त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं आणि "बरोबर कळलं का मला?" असं विचारायचं. मग आपल्या हातात खरोखर किती आहे, तेवढंच सांगायचं. विचारून पुढं काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वेळी तो माणूस तोंड उघडणार नाही. म्हणून लहान पण तारीख असलेली गोष्ट द्यायची.

इथं ती अशी ठरते. दोन आठवडे चाचणी. एकाच जॉबवर, फक्त दोन व्यासांसाठी, एका वेळी जास्तीत जास्त तीन शतांश मिलिमीटरपर्यंतचा वेअर ऑफसेट ऑपरेटर स्वतः बदलेल. बदल केला की वेळ, आधीचं माप, दिलेला आकडा आणि पुढच्या नगाचं माप तक्त्यावर लिहील. तीन शतांशाच्या पुढे गेलं तर सेटर. गुणवत्ता तपासनीसाची संमती आधीच घ्यायची आणि सेटरलाही आधी सांगायचं. आपला अधिकार कमी केला असं त्याला वाटलं, तर चाचणी तिसऱ्या दिवशीच बारगळते. टपरीवर जे बोलणं झालं ते मात्र या दोघांना सांगायचं नाही. त्यांना फक्त चाचणीचा तपशील पुरतो.

(दृश्य: मायक्रोमीटर. लाल खोक्यात सहा नग.)

चौथ्या दिवशी गडबड होते. बाहेरचा व्यास दोन शतांशानं मोठा येतो. उणे द्यायचे दोन शतांश तो अधिक देऊन बसतो. व्यास आणखी वाढतो आणि सहा नग लाल खोक्यात जातात.

अधिकार परत काढून घ्यायचा मोह याच दिवशी होतो. तो आवरायचा आणि चूक कुठं झाली ते पाहायचं. चिन्ह चुकणं कुणाकडूनही होतं. सहा नग गेले, कारण बदलानंतरचा पहिला नग मोजलाच नव्हता. म्हणून तक्त्यात एक रकाना वाढतो: बदलानंतरचा पहिला नग मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. हा रकाना ऑपरेटरलाच आखू द्यायचा.

चाचणी लागू पडतेय हे चेहऱ्यावरून ठरवायचं नाही. तक्त्यावरच्या वेळा बघायच्या. 8:05, 9:10, 10:02 अशा वेगवेगळ्या वेळा आणि बदललेली अक्षरं दिसली, तर मापं खरोखर त्या त्या वेळी घेतली जाताहेत. शिफ्ट बदलताना तो आपणहून एखादं वाक्य बोलतो का, हेही बघायचं. दोन आठवड्यांत यातलं काहीच हललं नाही, तर आपण हवं ते ओळखण्यात चुकलो. मग पुन्हा टपरीवर बसायचं.

काही ठिकाणी ही पद्धत चालत नाही. शेजारच्या शेडमध्ये त्याच कामाला स्पष्ट जास्त पगार मिळत असेल, किंवा जादा वेळेचा कायद्यानं ठरलेला दुप्पट दर दिला जात नसेल, तर आधी तो हिशेब नीट करावा लागतो. तोवर बोलायला बसवणं हा त्या माणसावर अन्याय आहे. कधी त्याला हवं असलेलं आपल्याकडे नसतंच. गोव्याला किंवा पुण्याला जायचं असतं, गावात स्वतःचं वर्कशॉप टाकायचं असतं. तसं असेल तर किती महिने थांबणार ते मोकळेपणानं ठरवायचं आणि त्या काळात दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या हाताखाली तयार करायचं. असा माणूस शेवटचे महिने अनेकदा चांगलं काम करतो, कारण लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

(दृश्य: दुपारचे तीन. शिफ्ट बदलतेय. दोघे मशीनपाशी वाकून.)

चाचणी संपते. दोन व्यासांचे चार होतात, शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरलाही तीच मुभा मिळते. सुपरवायझर वहीत तीन महिन्यांनंतरची तारीख लिहितो. तेव्हा पावसाळा संपलेला असेल, भात कापणीची गडबड असेल, आणि कदाचित या माणसाला कामातून वेगळंच काही हवं असेल. तारखेखाली तो प्रश्न लिहून ठेवतो: "खूश होऊन घरी गेलास असा एखादा दिवस सांग."