माणूस गेला, सावली राहिली

(नाशिकमधल्या हौशी छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पडद्यावर दिसतोय तो फोटो माझ्या मावशीचा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून सगळे आले होते, सकाळी आठच्या सुमारास गोदाघाटावर गेलो. मागे नारोशंकराच्या देवळाचं शिखर, वर तीन विजेच्या तारा, आणि काकांच्या खांद्यामागे निळ्या शर्टातले एक गृहस्थ पंचा पिळतायत. मावशीचं म्हणणं एवढंच, की तारा काढ आणि त्या माणसालाही काढ. मोबाइलमध्ये हल्ली बोट फिरवलं की जातं म्हणे सगळं.

तारांपासून सुरुवात करू. आकाशातली तार काढणं सोपं, कारण दोन्ही बाजूंना तेच आकाश आहे आणि यंत्राला मधली चिंचोळी पट्टी तेवढी भरायची असते. तरीही पहिल्या खेपेला माझ्या फोटोत तारेच्या जागी पुसट पांढरी रेघ उरली. मोबाइल फोटो काढतानाच कडा धारदार करतो, त्यामुळे काळ्या तारेच्या दोन्ही अंगांना उजळ किनार तयार होते. तार सहा पिक्सेल जाड होती आणि मी तेवढीच रंगवली, म्हणजे किनार बाहेरच राहिली. वर यंत्राने ती उजळ किनार हेच आकाश समजून आत पसरवली. दोन्हीकडे चार-चार पिक्सेल वाढवून चौदाची पट्टी निवडली, तेव्हा रेघ गेली. निवड नेहमी वस्तूपेक्षा थोडी सैल ठेवा.

तीच तार शिखरावरून जाते तिथे मात्र गोष्ट वेगळी. तारेमागच्या कोरीव दगडावर काय होतं हे यंत्राला ठाऊक नसतं. जुनी पद्धत त्याच फोटोतले तुकडे शोधून आणून चिकटवायची. फोटोशॉपमध्ये ही सोय 2010 साली आली. आताची पद्धत लाखो फोटो पाहून शिकलेली, ती दगडासारखं काहीतरी नव्याने रचते. दुरून दोन्ही छान दिसतात. शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर पहिलीत एकच नक्षी दोनदा उमटलेली सापडते, आणि दुसरीत देवळावर कधीच नसलेली कोरणी. मावशीच्या अल्बमला त्याने फरक पडत नाही. पण देवळाची नोंद म्हणून कुणाला फोटो देणार असाल, तर शिखरावरची तार राहू द्या बुवा. शिवाय तार गेली तरी खांब उभाच राहतो, आणि मग त्या बिनतारेच्या खांबाकडेच आधी लक्ष जातं. खांबही काढा, नाहीतर तारही ठेवा.

आता निळा शर्ट. मी त्यांच्याभोवती रेघ ओढली, गृहस्थ गायब झाले. मावशीला पाठवला तर तिचा फोन, "अरे, ही सावली कुणाची?" सकाळचं ऊन तिरपं, त्यामुळे सावली चांगली तीन पायऱ्या ओलांडून गेलेली. खाली ओल्या फरशीत शर्टाचा निळा डागही होता, तो तर तिलाही दिसला नव्हता. माणूस काढताना त्याची सावली आणि प्रतिबिंब एकाच निवडीत घ्या. यामागे आणखी एक कारण आहे. सावली तशीच राहिली तर ती कशाची तरी असणार, हे शिकलेलं यंत्र तिच्या मुळाशी पुन्हा एखादी उभी आकृती काढून ठेवतं. माझ्याकडे एकदा चक्क दगडी खांब आला होता!

सावली घेतल्यावर निवड फार मोठी झाली, आणि बऱ्याच साधनांत मोठी निवड आधी लहान करून भरली जाते, मग ताणून बसवली जाते. म्हणून तिथल्या पायऱ्या मऊ, मेण लावल्यासारख्या दिसू लागल्या, आणि डावीकडची पायरी उजवीकडे अर्धी बोटभर खाली उतरली. यावर मी काम तुकड्यांत केलं. आधी पायऱ्यांच्या कडा हाताने, क्लोन स्टॅम्पने, या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडून घेतल्या. मग दोन कडांमधला एकेक पट्टा यंत्राकडून भरून घेतला. काकांच्या खांद्याला लागून असलेली कडही हातानेच केली, नाहीतर त्यांच्या सदऱ्याचा पांढरा रंग मागच्या दगडावर ओघळतो.

हे सगळं तासाभराचं काम. जागेवर पाच मिनिटं असतील तर ते वाचतं. कॅमेरा तिपाईवर लावा, एक्स्पोजर लॉक करा, घरच्यांचा फोटो घ्या, मग त्यांना बाजूला करून वीस-वीस सेकंदांनी नऊ फोटो काढा. फोटोशॉपमध्ये `File > Scripts > Statistics` इथे जाऊन `Median` निवडा. प्रत्येक ठिपक्यासाठी नऊपैकी मधली किंमत घेतली जाते, म्हणजे ती जागा किमान पाच फोटोंत मोकळी असेल तर येणारे-जाणारे आपोआप नाहीसे होतात. उरतो तो खरा घाट, तोच निळ्या शर्टाच्या जागी बसवायचा. वाहतं पाणी तेवढं गुळगुळीत होतं, ते मूळ फोटोतलंच ठेवा. आणि रामकुंडावर कुणी पाण्यात उभं राहून डोळे मिटून जप करत असेल, तर नऊच्या नऊ फोटोंत ते जागच्या जागी असतात. तिथे मात्र परत क्लोन स्टॅम्प.